गृहिणींसाठीच्या स्पोकन इंग्लिश बॅचची जाहिरात: 'गृहिणीही' मधला 'ही' आधी काढा

प्रश्न: नाशिकला गंगापूर रोडला माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे. लग्नानंतर नोकरी सोडलेल्या आणि आता परत सुरू करू पाहणाऱ्या बायकांची वेगळी बॅच काढलीय. जाहिरात अशी केली होती: "घरात बसून कंटाळलात? इंग्रजी येत नाही म्हणून लाज वाटते? आता गृहिणीही बोलणार फाडफाड इंग्रजी! 30 दिवसांत आत्मविश्वास! मर्यादित जागा, आजच संपर्क करा." पेपरात 3,000 हँडबिलं टाकली, फोन आले 7, ॲडमिशन एकही नाही. वर एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं की वाचून वाईट वाटलं. माझा हेतू तर प्रोत्साहन द्यायचाच होता, मग चुकलं कुठे आणि आता कशी लिहू?

उत्तर:

तुमच्या त्या ओळखीच्या बाईंचे आधी आभार माना, कारण बाकीच्यांनी वाचून नुसतंच बाजूला ठेवलं, त्यांनी निदान सांगितलं. मी क्लासेससाठी जाहिराती लिहिते, आणि त्याआधी अकरा वर्षं अशाच बॅचेस स्वतः शिकवल्यात, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते.

"गृहिणीही" हा शब्द परत वाचा. तो 'ही' बघा. 'आता लहान मुलंही वापरू शकतील', 'आता म्हातारी माणसंही चढू शकतील' असं आपण म्हणतो तेव्हा तो 'ही' काय सांगत असतो, तर ज्यांच्याकडून अपेक्षा नव्हती तेसुद्धा. म्हणजे तुमच्या हँडबिलाने तिला सांगितलं की तुझ्याकडून कोणाचीच अपेक्षा नव्हती. तुमच्या मनात तसं अजिबात नसणार, पण कागदावर तेच उमटलं. आणि आता ती वाचणारी बाई कोण आहे ते डोळ्यासमोर आणा. बीकॉम, एमकॉम, डिप्लोमा झालेली, सहा-सात वर्षं सातपूर-अंबडच्या एखाद्या कंपनीत अकाउंट्स किंवा स्टोअर्स सांभाळलेली, मुलांच्या शाळेचं प्रत्येक सर्क्युलर इंग्रजीतून वाचणारी, मेडिक्लेमचे फॉर्म भरणारी, बँकेशी भांडणारी. तिला इंग्रजी 'येत नाही' असं नाहीच मुळी. तिला वाचता येतं, ऐकलेलं कळतं, फक्त दहा वर्षांत तोंडाने बोलायची वेळ आली नाही म्हणून शब्द वेळेवर येत नाहीत. ही गोष्ट 'येत नाही'पेक्षा पूर्ण वेगळी आहे आणि जाहिरात नेमकी याच गोष्टीवर उभी राहायला हवी.

"घरात बसून" बद्दल जास्त बोलत नाही, घरात कोणीच बसलेलं नसतं हे तुम्हालाही माहितीय. "लाज वाटते?" मात्र जास्त नुकसान करतं. आपल्याला वाटतं की दुखरी जागा दाखवली की माणूस औषध घ्यायला येतो. डोकेदुखीच्या गोळीला ते चालतंही. इथे काय होतं की हँडबिल सकाळी पेपरातून पडतं, ते सासरे उचलतात नाहीतर नवरा उचलतो, मग ते किचनच्या ओट्यावर येतं. ते हातात घेऊन ती घरच्यांना "मी हे बघते जरा" म्हणाली तर त्याचा अर्थ होतो की हो, मला लाज वाटते. कोण म्हणेल? म्हणून तुमचे सात फोन आले तेसुद्धा बहुतेक 'फी किती' विचारून संपले असणार.

आता माझ्या शिकवण्यातला एक प्रसंग सांगते, म्हणजे त्या 'ही'चं मला एवढं का लागतं ते कळेल. एक विद्यार्थिनी होत्या, आधी सहा वर्षं अकाउंट्समध्ये होत्या, 2016 ला नोकरी सोडली. मॉक इंटरव्ह्यूत मी विचारलं, मधल्या वर्षांत काय केलंत? त्यांचं पहिलं उत्तर: "सॉरी मॅडम, ॲक्च्युअली आय वॉज जस्ट हाउसवाइफ." व्याकरण जवळजवळ ठीक, एक 'अ' राहिला एवढंच. पण ते 'सॉरी', ते 'जस्ट'. आम्ही तीन आठवडे फक्त त्या एका उत्तरावर काम केलं. आधी ते मराठीत सरळ सांगायला लावलं, कारण मराठीतही त्या "काही नाही हो, घरीच होते" असंच म्हणायच्या. मग तीन वाक्यं ठरली. पहिलं, आधी काय काम केलं: "आय वर्क्ड इन अकाउंट्स फॉर सिक्स इयर्स." दुसरं, ब्रेक, एका वाक्यात, कारण सांगून आणि माफी न मागता: "इन 2016 आय टुक अ ब्रेक टु लुक आफ्टर माय फॅमिली." तिसरं, आत्ता काय तयारी आहे: "लास्ट इयर आय लर्न्ट जीएसटी रिटर्न्स अँड टॅली प्राइम, अँड आय ॲम रेडी टु जॉइन." हे तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण जीएसटी आला 1 जुलै 2017 ला, म्हणजे त्यांनी नोकरी सोडली तेव्हा व्हॅट आणि सर्व्हिस टॅक्स होता, आणि समोरच्याला खरी शंका इंग्रजीची नसते, 'हिला आत्ताचं काम येतं का' ही असते. त्या शंकेचं उत्तर दिलं की इंटरव्ह्यू पुढे सरकतो.

म्हणजे बघा, तुमच्या हँडबिलातला 'ही' आणि त्यांच्या तोंडातला 'जस्ट' एकच शब्द आहे. क्लासमध्ये तीन आठवडे खर्चून जो शब्द आपण काढतो, तोच जाहिरातीत आपण स्वतः छापतो.

मग लिहायचं कसं. पेन हातात घ्यायच्या आधी एक काम करा. ते सात फोन आले होते त्यांना, आणि आधीच्या बॅचमधल्या पाच-सहा जणींना एकच प्रश्न विचारा: इंग्रजी नेमकं कुठे अडतं? आणि त्या जे बोलतील ते जसंच्या तसं वहीत लिहा, सुधारू नका. "कळतं सगळं, पण बोलायची वेळ आली की मनातल्या मनात भाषांतर सुरू होतं." "एचआरचा फोन आला आणि मी म्हटलं नंतर करते, आणि मग केलाच नाही." "मीटिंगला बोलावलं तर काय." अशी वाक्यं मिळतील. यातलंच एखादं तुमचं हेडिंग आहे. 'आत्मविश्वास' हा शब्द यात कोणीच वापरत नाही हे लक्षात येईल तुमच्या, तो क्लासवाल्यांचा शब्द आहे.

विचारताना अजून एक गोष्ट कळेल की येणाऱ्या बायका एकाच प्रकारच्या नसतात. काहींनी पूर्वी नोकरी केलीय आणि परत अर्ज करायचाय, काहींना मुलांच्या शाळेत टीचरशी बोलायचंय, काहींना घरून टिफिनचा किंवा कपड्यांचा व्यवसाय आहे आणि ग्राहकांशी बोलायचंय. एका हँडबिलात तिघींना बोलवायला गेलं की मग "कंटाळलात?" सारखं सगळ्यांना लागू पडणारं आणि कोणालाच न लागणारं वाक्य येतं. तुम्ही बॅच पहिल्या प्रकारासाठी काढलीय ना, मग फक्त तिच्याशी बोला, बाकीच्या आल्या तर त्यांना फोनवर सांगता येतं.

मी तुमच्यासाठी असं लिहीन:

"'मधली सात वर्षं काय केलंत?'
इंटरव्ह्यूत हा प्रश्न येणारच. उत्तर इंग्रजीत तयार करूया.

पूर्वी नोकरी केलेल्या आणि आता पुन्हा अर्ज करणाऱ्या महिलांसाठी इंग्रजी बोलण्याची बॅच.

इंग्रजी वाचता येतं, समजतं, पण बोलायची सवय सुटलीय, अशांसाठी ही बॅच आहे. अगदी पहिल्यापासून शिकायचं असेल तर त्याची बॅच वेगळी आहे, विचारा.

सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी 11 ते 12:30. एकूण 16 आठवडे. एका बॅचमध्ये 10 जणी.

चार गोष्टींची तयारी: स्वतःची ओळख आणि गॅपचं उत्तर. एचआरचा पहिला फोन. पगाराचं बोलणं. ऑफिसातली रोजची मीटिंग.

दर सेशनला तुम्ही स्वतः किमान 25 मिनिटं बोलता. बुडालेला तास शनिवारी भरून मिळतो.

फी 7,200 रुपये, दोन हप्त्यांत. पहिले दोन तास बसून बघा, मग ठरवा.

आम्ही नोकरी लावून देत नाही. बोलायची तयारी पक्की करून घेतो.

व्हॉट्सॲपवर मराठीत लिहिलंत तरी चालेल."

फी आणि आठवडे तुमच्या हिशोबाने बदला, पण आकडे राहू द्या. का ते सांगते. "30 दिवसांत फाडफाड" यावर तिचा विश्वास बसत नाही कारण ती शिकलेली आहे, आणि हिशोबही तेच सांगतो. भाषेच्या पातळ्या मोजायची जी युरोपियन पद्धत आहे, ए1 पासून सी2 पर्यंत, त्यात ए2 वरून बी1 ला, म्हणजे मोडक्या वाक्यांवरून साधारण निभावून नेता येईल इथपर्यंत जायला क्लासमधले 150 ते 200 तास लागतात असा ढोबळ अंदाज धरतात. रोज एक तास असे 30 दिवस म्हणजे 30 तास. वर लिहिलेल्या बॅचचे सुद्धा 48 सेशन गुणिले दीड तास म्हणजे 72 तासच होतात, म्हणजे एक पूर्ण पातळीही नाही. म्हणून मी 'फ्लुएंट' शब्द लिहिलाच नाही, चार प्रसंग लिहिले. जिला आधीच वाचता-समजता येतं तिला 72 तासांत चार प्रसंगांची तयारी होते, हे मी पाहिलेलं आहे. सगळं इंग्रजी होत नाही. आणि जे होतं तेच लिहिलं की पाचव्या आठवड्यात 'मला अजून फाडफाड येत नाही' म्हणून बाई क्लास सोडत नाही.

ती 25 मिनिटांची ओळही हवेतली नाही, ती पाळावी लागेल तुम्हाला. 90 मिनिटं, त्यातली 30-35 तुमची शिकवण्याची आणि दुरुस्तीची धरली तर उरतात 55-60. दहा जणींना एकेक करून उभं केलं तर प्रत्येकीला जेमतेम सहा मिनिटं मिळतात आणि बाकी वेळ ती दुसऱ्यांचं ऐकत बसते. त्याच दहा जणींच्या पाच जोड्या केल्या, एक एचआर आणि एक उमेदवार, मग अदलाबदल, की प्रत्येकीची 25 मिनिटं सहज होतात. जोड्या लावत नसाल तर ही ओळ छापू नका. पण लावत असाल तर याच्याइतकी ताकदीची ओळ दुसरी नाही, कारण तिने आधी कुठेतरी क्लास लावलेला असतो आणि तिथे सरच बोलत होते हा अनुभव तिला असतो.

वेळ वरती आणि ठळक का, तर तिचा पहिला प्रश्न 'मला जमेल का' हा वेळेबद्दलचा असतो, बुद्धीबद्दलचा नाही. फी छापायची का यावर क्लासवाले नेहमी कचरतात, 'आधी येऊ दे, मग सांगू'. पण घराचं महिन्याचं बजेट तीच चालवते, तिला आकडा दिसला की ती लगेच मनात बसवते, पुढच्या महिन्यात भिशी लागतेय, तेव्हा पहिला हप्ता. आकडा नसला की तिला फोन करावा लागतो, मग ऐकून 'विचारून सांगते' म्हणावं लागतं, आणि तो अवघडलेला फोन टाळायला ती करतच नाही.

कारण कोणतं धरायचं याचीही काळजी घ्या. मी जाहिरातीत 'मुलांसाठी करिअर सोडलंत' असं कुठे लिहिलेलं नाही. काहींनी सासूबाईंच्या आजारपणात सोडलेली असते, काहींनी नवऱ्याच्या बदलीमुळे, काहींना मूल नाहीये आणि ते वाक्य त्यांना टोचतं. 'त्याग' हा शब्द तर नकोच. पूर्वी नोकरी केली, आता परत अर्ज करताय, एवढं पुरतं. तसंच 'ताई', 'मैत्रिणींनो' सुद्धा जाहिरातीत नको, समोर आल्या की वयाप्रमाणे आपोआप म्हणालच. कागदावर 'तुम्ही' बरोबर.

फोटोबद्दल थोडक्यात. एका हातात लाटणं आणि एका हातात लॅपटॉप असलेली बाई टाकू नका, आणि काळा कोट घालून काचेच्या ऑफिसात हसणारी परदेशी बाईही नको. तुमच्याच क्लासचा, समोरासमोर खुर्च्या घेऊन बोलत बसलेल्या दोघींचा, चेहरे दाखवायचे असतील तर त्यांना विचारून. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, त्यात विद्यार्थ्यांच्या संमतीशिवाय नाव-फोटो वापरणं, नोकरीची खोटी हमी आणि जागा संपत आल्याची खोटी घाई, तिन्हीला मनाई आहे. क्लास केवढाही लहान असो, हीच पट्टी लावा. दहाची बॅच असेल तर 'एका बॅचमध्ये 10 जणी' हीच माहिती आहे, 'मर्यादित जागा, आजच' म्हणायची गरज उरत नाही.

आणि आता ज्या गोष्टीकडे कोणी बघतच नाही ती. जाहिरात हँडबिलावर संपत नाही, ती व्हॉट्सॲपच्या पहिल्या रिप्लायमध्ये संपते. मी एका क्लाससाठी छान जाहिरात लिहिली होती, पहिल्याच आठवड्यात मेसेज भरपूर आले, पण डेमोला जवळजवळ कोणी नाही. जाऊन फोन बघितला तर प्रत्येक मेसेजला तिथल्या मुलीने इंग्रजीत व्हॉइस नोट पाठवलेली, "हॅलो मॅम, काइंडली इंट्रोड्यूस युवरसेल्फ इन इंग्लिश". म्हणजे दारातच परीक्षा. त्या मुलीचा दोष नव्हता, तिला तसंच सांगितलेलं होतं, आणि ते तपासायचं माझ्या डोक्यात आलं नाही ही चूक माझी. दुसऱ्या दिवसापासून रिप्लाय बदलला, मराठीत, टाइप केलेला: "नमस्कार. बॅच सोमवारपासून आहे, सकाळी 11 ते 12:30. पहिले दोन तास बसून बघू शकता, पैसे नाहीत. आधी कुठल्या कामात होतात आणि आता कशासाठी अर्ज करताय, एवढं कळवाल का? म्हणजे सराव त्याच कामाचा ठेवता येईल." या शेवटच्या प्रश्नाला बायका लांबलचक उत्तरं लिहितात हो, कंपनीचं नाव, किती वर्षं, कुठलं सॉफ्टवेअर, सगळं. कारण त्यांच्या कामाबद्दल कोणी बऱ्याच वर्षांनी विचारलेलं असतं. आणि तेच उत्तर पुढे तुम्हाला गॅपच्या उत्तरातलं पहिलं वाक्य बनवायला कामाला येतं.

काम करतंय की नाही हे नुसत्या फोनच्या संख्येवरून ठरवू नका. तीन आकडे लिहून ठेवा: चौकशी किती, त्यातल्या डेमोला किती, त्यातल्या ॲडमिशन किती. चौकशीच कमी असेल तर हेडिंग किंवा वाटपाची जागा चुकली. चौकशी भरपूर आणि डेमोला कोणी नाही तर रिप्लाय किंवा वेळ चुकली. डेमोला आल्या आणि थांबल्या नाहीत तर जाहिरातीत काही चुकलेलं नाही, तुमचे ते पहिले दोन तास बघा, बहुतेक त्यात तुम्हीच बोलत असणार. आणि डेमोला आलेल्या प्रत्येकीला विचारा, कागदातलं कुठलं वाक्य वाचून आलात? पाच जणींनी एकच वाक्य सांगितलं की पुढच्या खेपेला ते वर घ्या.

3,000 हँडबिलं पेपरात टाकण्यापेक्षा 300 छापा आणि सकाळी शाळेच्या बसस्टॉपजवळच्या दुकानांत, सोसायट्यांच्या नोटीस बोर्डवर परवानगी घेऊन आणि टॅली-जीएसटीचे कोर्स घेणाऱ्या क्लासमध्ये ठेवा. ही शेवटची जागा सगळ्यात चांगली, तिथे बसलेल्या बाईने परत नोकरीला लागायचं आधीच ठरवलेलं असतं. काढायची वेळ म्हणाल तर जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर दोन आठवडे जाऊ द्या, त्या दोन आठवड्यांत गणवेश, पुस्तकं, व्हॅन यातून कोणाला डोकं वर काढता येत नाही, मग जुलैच्या पहिल्या सोमवारची बॅच ठेवा. 16 आठवड्यांचा हिशोब दिवाळीच्या आसपास येतो, त्यामुळे शेवटचे मॉक इंटरव्ह्यू फराळाच्या गडबडीत येत नाहीत ना ते कॅलेंडरवर बघूनच तारीख छापा.